प्रतिसाद: १२ व्होल्टची बॅटरी आणि ३.३ व्होल्टची पिन

> "१२ व्होल्टची लेड-अॅसिड बॅटरी ३.३ व्होल्टच्या एडीसी पिनवर मोजायचीय. वर १० के, खाली ३.३ के लावलं तर चालेल ना?"

१२ व्होल्टला चालेल, चार्जिंगच्या वेळी नाही. ही दोन रेझिस्टरची जोडी म्हणजे व्होल्टेज डिव्हायडर, त्याचं सूत्र असं:

```
Vout = Vin × R2 / (R1 + R2)
```

R1 म्हणजे बॅटरीकडचा रेझिस्टर, R2 म्हणजे ग्राउंडकडचा. तुमच्या जोडीत १२ ला २.९८ व्होल्ट येतात, पण चार्जर लागून बॅटरी १४.४ वर गेली की पिनवर ३.५७ येतात, म्हणजे मर्यादेबाहेर.

म्हणून हिशोब नेहमी कमाल व्होल्टेजवरून करावा. १५ धरू. R1/R2 = १५/३.३ − १, म्हणजे साधारण ३.५५. R2 १० के घेतला तर R1 ३५.५ के हवा. तो सहज मिळत नाही, तेव्हा R1 त्याहून मोठा, ३९ के घ्या (लहान, ३३ के घेतलात तर पुन्हा तोच घोळ). आता १५ ला ३.०६ आणि १२ ला २.४५ व्होल्ट मिळतील. रेझिस्टर मात्र १ टक्केवालेच घ्या; ५ टक्क्यांत दोन्ही उलट दिशेला सरकले तर १५ ला ३.३१ येऊ शकतात.

करंट वाचवायला ३९० के आणि १०० के लावायचा मोह होतो. गुणोत्तर तेच राहतं, पण एडीसीच्या आतला कपॅसिटर वेळेत भरत नाही आणि रीडिंग कमी येतं. मल्टिमीटरवर आकडा बरोबर, एडीसीत कमी, असं दिसलं तर बहुधा हेच कारण. पिन ते ग्राउंड १०० नॅनोफॅरड लावून पाहा.

आणि या जोडावरून काही चालवू नका. १० केचा लोड लागला तरी २.४५ चे १.३६ व्होल्ट होतात.