व्हॉइस नोट 'नीट करून दे' म्हटलं, तर किती हात लावायचा?

बी विंगवाली: आमच्या सेक्रेटरीकाकांनी पाठवलेली ही व्हॉइस नोट जशीच्या तशी उतरवली आहे: "हां तर, अं, टाकी धुवायची आहे ना, ती टाकी, मंगळवारी, नाही नाही, बुधवारी, बुधवारी सकाळी नऊला पाणी बंद. म्हणजे, बहुतेक दुपारी दोनपर्यंत. बी विंगचं, बी विंगचंच हां. सगळ्यांनी ना, पाणी भरून ठेवा, आणि पाणी आलं की पहिलं पहिलं पाणी पिऊ नका, सोडून द्या. हे जरा नीट करून दे." ग्रुपवर सूचना टाकायची आहे. किती बदलू?

पाल्हाळ नको: जे दोनदा आलंय ते एकदाच ठेवा. 'सर्व सभासदांनी नोंद घ्यावी की' अशी सुरुवात करा, म्हणजे सूचना वाटेल. मंगळवार अर्थातच काढा.

उतरवणारी: मंगळवार काढायचा, हे बरोबर. माणूस स्वतःच चूक दुरुस्त करतो तेव्हा शेवटचं धरायचं. मात्र ऑडिओ पुन्हा ऐका. 'नाही' दोनदा तुटक आला असेल, तर ती दुरुस्तीच आहे. कागदावर 'मंगळवारी नाही, बुधवारी' असं उतरलं, तर आधी ठरलेला मंगळवार रद्द झाला असं लोक समजतील.

पण सगळी पुनरुक्ती सारखी नसते. 'बुधवारी, बुधवारी' हे अडखळणं आहे, एक काढा. 'बी विंगचंच' मध्ये मात्र काका मुद्दाम जोर देताहेत. तो 'च' गेला तर ए विंगवालेही बादल्या भरत बसतील, तिथे 'फक्त' घाला. 'पहिलं पहिलं पाणी' म्हणजे सुरुवातीचं थोडा वेळ येणारं. एक 'पहिलं' कापलंत तर लोक एक तांब्या ओतून मोकळे होतील.

मी असं करीन: "टाकी धुवायची असल्याने बुधवारी सकाळी ९ पासून फक्त बी विंगचं पाणी बंद राहील, बहुतेक दुपारी २ पर्यंत. पाणी भरून ठेवा. पाणी आल्यावर पहिलं पहिलं पाणी पिऊ नका, सोडून द्या."

हेडफोनवाला: ऑडिओतली घरघर काढायची असेल तर ऑडॅसिटीमध्ये नॉइज रिडक्शन आहे.

बी विंगवाली: आवाज स्वच्छ आहे हो, प्रश्न मजकुराचा आहे.

आजीचा नातू: माझ्या आजीच्या आठवणी मी अशाच साफ केल्या. 'काय म्हणत होते मी' सगळीकडून गेलं आणि आजीच गेली त्यातून. काकांचा 'हां' राहू द्या.

उतरवणारी: आठवणींत तो ठेवलाच पाहिजे, तिथे माणूस ऐकायचा असतो. इथे लोकांना पाणी कधी जाणार ते हवंय.

पाल्हाळ नको: मग सूचनेत 'बहुतेक' कशाला? 'दुपारी २ पर्यंत' पुरे.

उतरवणारी: काकांना जी खात्री नाही, ती त्यांच्या नावावर आपण कशी घालणार? काढायचंच असेल तर आधी त्यांना फोन करा.

पाल्हाळ नको: आणि चार वाजले तर? लोक तरीही काकांनाच धरणार. मी काढलंच असतं.

बी विंगवाली: फोन लावते. 'भरून ठेवा'चं 'ठेवावे' करणार नाही, काका तसं बोलत नाहीत.