मदत हवी आहे: सोनं फुगलंय का, हे जुन्या पावत्यांवरून ठरवता येईल का?

चाटीगल्लीकर
बँकेतली ठेव मोकळी होतेय. आई म्हणते सगळ्याचं सोनं घेऊन टाकू, बाबा म्हणतात भाव फुगलाय, थांबा. म्हणून आजोबांच्या सराफाकडच्या पावत्या काढल्या. तिन्ही चोख सोन्याच्या आहेत. भांडवली नफ्यासाठी आयकर खातं जो महागाई निर्देशांक देतं, त्याने आजच्या रुपयांत आणल्या:

१९८१: तोळा २,००० रु. → १६ पट → ३२,०००
२००१ दिवाळी: १० ग्रॅम ४,५०० → ३.७६ पट → सुमारे १७,०००
२०१२ दिवाळी: १० ग्रॅम ३१,५०० → १.८८ पट → सुमारे ५९,०००

आजचा, म्हणजे नोव्हेंबर २०२५ चा भाव सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे सोनं दुप्पट महाग, चौपट की सातपट? यातलं धरायचं कुठलं?

अक्कलकोटरोड
कुठलंच धरू नका. सोनं महागाईला पुरून उरतं, तुमच्याच पावत्या बघा की. दर वेळी लोक म्हणतात महाग झालं आणि दर वेळी वर जातं.

शैला_विजापूररोड
माझ्या सासूबाईंच्या पाटल्या मोडायच्या आहेत. सराफ घट धरून भाव सांगतो, तो बरोबर असतो का? मोड आत्ताच द्यावी का?

निवृत्त_हिशेबनीस
शैलाताई, घटीचा प्रश्न वेगळा आहे, नवा धागा काढा, तिथे सांगतो.

चाटीगल्लीकर, आधी ती १९८१ ची पावती. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. आपण आता १० ग्रॅमलाच तोळा म्हणतो, पण त्या पावतीवर जुनाच असणार. म्हणजे १० ग्रॅमला १,७१५ रु. पडले.

दुसरं, आयकराचा निर्देशांक म्हणजे पुरती महागाई नव्हे. ग्राहक भाववाढीच्या पाऊण हिश्शावरच तो बेततात. चाळीस वर्षांत त्याने बराच फरक पडतो. त्यापेक्षा लेबर ब्युरोचा औद्योगिक कामगारांचा निर्देशांक घ्या, त्यात सोलापूर हे स्वतंत्र केंद्रच आहे. आधार वर्ष बदललं की जोडगुणकाने गुणावं लागतं, आणि केंद्राकेंद्राचा गुणक वेगळा असतो, तेवढं सांभाळा. देशपातळीचे आकडे सांगतो: नोव्हेंबर २०१२ ला २१८ होता. आता नव्या मालिकेत १४७ च्या आसपास आहे, त्याला २.८८ ने गुणलं की ४२३. म्हणजे १.९४ पट. तुमचे ३१,५०० आजचे ६१,००० झाले. १९८१ पासून मात्र १६ नव्हे, २१ पट येते, म्हणजे १,७१५ चे ३६,०००.

चाटीगल्लीकर
काका, तरी दुप्पट आणि साडेतीनपट असा फरक उरतोच.

निवृत्त_हिशेबनीस
उरणारच, कारण आपल्या भावात रुपयाही मिसळलेला आहे. डॉलरमध्ये बघा. २१ जानेवारी १९८० ला लंडनमध्ये सोनं औंसाला ८५० डॉलर होतं. अमेरिकेतली महागाई धरली तर आजचे सुमारे ३,५००. सध्याचा भाव ४,००० च्या घरात, म्हणजे तिथे त्या उच्चांकापेक्षा थोडंच वर. त्या वेळी डॉलर ८ रुपयांना होता, आज ८८. आपली महागाई अमेरिकेच्या साधारण सहापट वाढली, त्या हिशेबाने डॉलर पन्नासच्या आसपास हवा होता. रुपयाची उरलेली घसरण तुमच्या पावत्यांत ‘सोनं महागलं’ म्हणून दिसते. शिवाय १९८१ मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा होता, उघड आयात बंद होती. त्यामुळे इथला भाव जगापेक्षा चढाच असायचा.

म्हणून मी दोन्ही चलनांत वेगवेगळा हिशेब करतो, आणि एका वर्षाशी कधीच तुलना करत नाही. २००१ हा जवळजवळ तळ होता, १९८० शिखर. तळाशी ताडलं तर सोनं कायम महाग, शिखराशी ताडलं तर कायम स्वस्त दिसतं.

अक्कलकोटरोड
मग शिखराशी ताडायला काय हरकत? शिखराखाली असलं की घ्यायचं.

निवृत्त_हिशेबनीस
सप्टेंबर २०११ आठवा. भाव १,८९५ डॉलर. १९८० चं शिखर तेव्हाच्या पैशांत सुमारे २,५००, म्हणजे तुमच्या नियमाने स्वस्तच. डिसेंबर २०१५ ला ते १,०५० च्या आसपास आलं. आपल्याकडे तेवढं जाणवलं नाही, कारण मधल्या काळात रुपयाच घसरला.

अक्कलकोटरोड
पण २०२२ ला रशियाचा परकीय साठा गोठवला, तेव्हापासून २०२४ पर्यंत मध्यवर्ती बँकांनी दर वर्षी हजार टनांच्या वर घेतलं. असा गिऱ्हाईक १९८० ला होता का? मग जुनी पट्टी लावायचीच कशाला?

निवृत्त_हिशेबनीस
हा मुद्दा मान्य. पट्टी एवढंच सांगते की भाव नेहमीच्या पातळीच्या बराच वर आहे. पातळीच कायमची सरकली का, हे ती सांगत नाही, आणि भाव कधी उतरेल हे तर नाहीच. १९८० नंतर महागाई वजा जाता भाव वीसेक वर्षं उतरतच होता.

चाटीगल्लीकर
सोलापूर केंद्राचे जुने गुणक शोधतो. १९९० नंतरचीच वर्षं घेऊन सरासरी काढली तर चालेल का, सुवर्ण नियंत्रण कायदा उठल्यावरची? आईला निम्म्या रकमेचं घे म्हणालोय, ती अजून तयार नाही.

शैला_विजापूररोड
नवा धागा काढलाय काका, बघा जरा.