मदत हवी आहे: मोठ्या कंपनीला सहकार्याचा मेल पाठवला, ११ दिवस झाले, उत्तर नाही

भांडुपचा_बंड्या
नमस्कार मंडळी. आमचं छोटं स्टार्टअप आहे, आम्ही तिघंच. एका मोठ्या कंपनीला पार्टनरशिपचा मेल पाठवला. दोनदा आठवण केली, तरी चिडीचूप. मेल इंग्रजीत आहे, सार इथे देतो:

‘आम्ही मुंबईतले वेगाने वाढणारे स्टार्टअप आहोत. आपल्यासोबत धोरणात्मक भागीदारी करायची इच्छा आहे. दोघांचाही फायदा होईल. आपल्याला वर्षाला १८ लाखांपर्यंत जादा उत्पन्न मिळेल, शिवाय कायद्याचे पालन होईल. सोबत २२ पानांचे सादरीकरण जोडले आहे. ३० मिनिटे वेळ द्यावा.’

काय चुकतंय? जरा लवकर सांगा, भागीदार डोकं खातोय.

रश्मी_क
धंदा काय आहे तुमचा? समोरची कंपनी काय करते? मेल गेला कोणाला? यातलं काहीच लिहिलेलं नाही. कंपनीच्या मेलमध्येही असंच असेल तर उत्तर कशाचं देणार ते?

कोर्टनाका
‘पार्टनरशिप’ हा शब्द जपून वापरा. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे नफा वाटून घ्यायचं ठरलं की भागीदारी होऊ शकते, आणि एकाच्या देण्याला दुसरा बांधला जातो. आधी डीड करा, स्टॅम्प लावा, रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे नोंदणी करा. नमुना हवा असेल तर व्यनि करा.

भांडुपचा_बंड्या
@कोर्टनाका काका, फर्म नाही काढायची हो. 😀

@रश्मी_क ताई, सॉरी. आम्ही तळणीचं जळकं तेल गोळा करतो आणि बायोडिझेलच्या प्लांटला देतो. सध्या दादर, परळ, लालबाग भागातली २२ छोटी हॉटेलं आहेत. समोरची कंपनी ऑफिसांची कॅन्टीनं चालवते, मुंबईत २८ किचन आहेत त्यांची. मेल खरेदी विभागाच्या हेडला गेला, कारण लिंक्डइनवर तोच सापडला.

शेअरखोर
मग सोप्पं आहे! एफएसएसएआयचा नियमच आहे, दिवसाला ५० लिटरच्या वर तळणीचं तेल वापरणाऱ्याने नोंद ठेवायची आणि जुनं तेल अधिकृत गोळा करणाऱ्यालाच द्यायचं. २०१९ पासून लागू आहे. मेलमध्ये नियम ठणकावून लिहा, लायसन्स जाईल म्हणावं. धावत येतात की नाही बघा.

आणि उद्यम नोंदणी असेल तर तेही टाका. ४५ दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्यांना इन्कम टॅक्समध्ये तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही.

तळणीमामा
@शेअरखोर ४५ दिवसांचा नियम खरा आहे, पण इथे उलटा आहे. तेल विकत घेणार हे, पैसे देणार हे. मोठी कंपनी इथे विक्रेता आहे. त्यांनी यांना कसले ४५ दिवसांत पैसे द्यायचे?

बंड्याभाऊ, मी कॅन्टीन कंपन्यांत १७ वर्षं काढली, त्यातली शेवटची सहा क्वालिटीत. दोन गोष्टी सांगा. एका किचनमधून आठवड्याला किती जळकं तेल निघतं असं धरलंय? आणि १८ लाख आले कुठून?

भांडुपचा_बंड्या
मामा, किचनमागे आठवड्याला ३० लिटर. आम्ही ४२ रुपये लिटरने घेतो. २८ किचन, ५२ आठवडे, म्हणजे १८ लाख ३४ हजार. फुगवलेलं नाही काही.

तळणीमामा
गुणाकार बरोबर आहे, पण तो आकडा वाचणाऱ्याच्या कामाचा नाही.

आधी ५० लिटरचं बघू. आठवड्याला ३० लिटर जळकं निघत असेल आणि नवीन तेलातलं दोन तृतीयांश पदार्थ पितात असं ढोबळ धरलं, तर आठवड्याला ९० लिटर नवीन तेल लागतं. सहा दिवसांचं कॅन्टीन म्हटलं तर दिवसाला १५ लिटर, साधारण एक डबा. ५० च्या वर जायला तीन डब्यांहून जास्त लागतं. म्हणजे तुमच्याच आकड्यांनी त्यांची बहुतेक किचनं त्या नियमात बसत नाहीत. त्यांच्या क्वालिटीच्या माणसाला हे तोंडपाठ असतं. ‘कायद्याचे पालन’ वाचलं की तो म्हणणार, यांना नियमच माहीत नाही, आणि पुढचं वाचणार नाही.

किचन लहान असो की मोठं, सगळ्यांना लागू असलेली गोष्ट म्हणजे टीपीसी, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवून त्यात तयार होणारी खराब संयुगं. तेलात ती २५ टक्क्यांवर गेली की ते तेल तळायला वापरायचं नाही. किचनमध्ये हे मोजतं कोण? बहुतेक ठिकाणी आचारी रंग बघून ठरवतो. मीटर असलाच तर कपाटात कुलूपबंद असतो, किंवा थंड तेलात बुडवून चुकीचं रीडिंग घेतात. तुमचा माणूस आठवड्यातून दोनदा जाणारच आहे, तर गरम कढईत मीटर बुडवून किचनवार आकडा लिहून देऊ शकतो. क्लायंटचं ऑडिट आलं की असा कागद शोधताना क्वालिटीवाल्याला घाम फुटतो. तुमच्याकडची खरी चीज ही आहे, आणि मेलमध्ये नेमका तिचाच उल्लेख नाही.

रश्मी_क
पण १८ लाख कोणाला नको असतात मामा?

तळणीमामा
ताई, ते पैसे कोणाचे हाच प्रश्न आहे. कॅन्टीनचा करार दोन तऱ्हेचा असतो. पर प्लेट असेल तर तेल कंपनीचं, जळक्याचे पैसेही कंपनीचे. पण किराणा क्लायंटच्या बिलावर आणि कंपनीला फक्त मॅनेजमेंट फी असेल, तर जळकं तेलही क्लायंटचं. खरेदीवाला कशाला त्या लफड्यात पडेल?

दुसरं नाजूक आहे. आज ते तेल फुकट जात नाही, मागच्या दाराने कोणीतरी नेतोच. रोख देतो, आणि त्या रोखीतून किचनवाल्यांचा चहा-वडा, दिवाळीचा फराळ निघतो. तुम्ही ‘जादा उत्पन्न’ लिहिलंत, ते मॅनेजरने वाचलं ‘आपला फराळ गेला’ असं. मेल खाली अभिप्रायाला गेला की तिथेच मेला.

शेअरखोर
म्हणजे चोरीला साथ द्यायची? मॅनेजमेंटला कळवा सरळ. आणि तेच तेल बाहेर परत तळायला जातं, ते कोण बघणार?

तळणीमामा
परत खाण्यात जातं हे खरं आहे आणि वाईट आहे, म्हणून तर पावती हवी. पण पहिल्याच मेलमध्ये तुमचे लोक तेल विकून खातात असं लिहिलं की दार कायमचं बंद. आमच्याकडे लिटरमागचे दोन रुपये किचनच्या वेल्फेअरला द्यायचं लेखी ठरलं होतं. त्यानंतर कॅन वेळेवर भरून ठेवलेले असायचे.

डब्बेवाली_सुनंदा
माझा घरगुती डब्यांचा व्यवसाय आहे डोंबिवलीत, दिवसाला ४० डबे. माझं महिन्याला दोन-तीन लिटर तेल निघतं. ते घेता का? सिंकमध्ये ओतायला जीव होत नाही.

भांडुपचा_बंड्या
सुनंदाताई, दोन लिटरसाठी टेम्पो डोंबिवलीला नाही परवडत. सोसायटीत एकत्र जमवता आलं तर सांगा.

मामा, भागीदार म्हणतो तीन-चार किचनांवर फुकट ट्रायल देऊ, मोठा मासा गळाला लागेल.

तळणीमामा
टेम्पोची फेरी कितीला पडते? प्लांट काय भाव देतो?

भांडुपचा_बंड्या
ड्रायव्हर, हेल्पर, डिझेल धरून फेरी २४०० ला. आठवड्यातून दोनदा गेलो तर ४८०० होतील, पण सध्या एकदाच जातो. प्लांट ५८ देतो.

तळणीमामा
मग लिटरमागे १६ सुटतात. चार किचनांचे १२० लिटर, म्हणजे १९२० रुपये. प्रत्येक फेरीला ४८० खिशातून. पाच किचनांवर बरोबर २४००, हातात शून्य. सहावं आलं की ४८० सुटतात. मी वर दोनदा म्हणालो ते मागे घेतो, आठवड्यातून एकदाच जा.

हे गणित लपवू नका, मेलमध्येच लिहा. ‘एका रस्त्यावरची किमान सहा किचनं मिळाली तर आमचा टेम्पो परवडतो.’ मी क्वालिटीत असताना असे मेल यायचे, सगळ्यांत आमचाच फायदा लिहिलेला. मग मनात यायचं, याला यातून काय मिळतंय? ते दिसलं नाही की संशय येतो. तुमची गरज आकड्यात दिसली की समोरच्याला कळतं, हा माणूस तीन महिन्यांनी पळून जाणार नाही.

असं काहीतरी लिहा, क्वालिटीच्या हेडला. २२ पानं काढून टाका.

‘विषय: पवई-अंधेरी पट्ट्यातील ६ किचन, तळणीच्या तेलाची टीपीसी नोंद, ८ आठवडे

आम्ही दादर-परळमधील २२ हॉटेलांतून वापरलेले तेल गोळा करून बायोडिझेलसाठी देतो. आपल्या ६ किचनमध्ये ८ आठवडे, दर मंगळवारी, हे करू इच्छितो: गरम तेलाचे टीपीसी रीडिंग, तेलाचे वजन, आणि दोन्हींची किचनवार पावती. महिनाअखेरीस एक पानी तक्ता आपल्याला. तेलाला लिटरमागे ४२ रुपये; करारानुसार ते आपल्याला द्यायचे की आपल्या क्लायंटला, हे आपण सांगावे. आमचा फायदा: एका रस्त्यावर ६ किचन मिळाल्यास आमची फेरी परवडते, त्याहून कमी असल्यास नाही. आमचे नोंदणीपत्र आणि एका हॉटेलची पावती मागितल्यास पाठवतो. हे काम आपल्याकडे दुसरे कोणी पाहत असल्यास त्यांचे नाव कळवावे.’

शेवटची ओळ काढू नका. वेळ मागितला की लोक टाळतात, नाव मात्र सांगून टाकतात.

शेअरखोर
भाव पहिल्याच मेलमध्ये उघडा करायचा? मला नाही पटत. वाटाघाटीला काय उरलं?

रश्मी_क
मलाही भावाबद्दल शंका आहे. प्लांटचा भाव दर महिन्याला हलत असेल तर ४२ वर अडकाल. ‘या ८ आठवड्यांपुरता’ एवढं तरी घाला.

तळणीमामा
हे बरोबर आहे ताई, घाला.

भांडुपचा_बंड्या
(सहा दिवसांनी) क्वालिटीच्या मॅडमना पाठवला. आज उत्तर आलं, तीन ओळींचं: ‘पवईची किचनं क्लायंटच्या बिलावर आहेत, विचारून सांगते. आमचं बेस किचन तुर्भ्याला आहे, तिथे दिवसाला ७० लिटर लागतं. तिथून सुरुवात कराल का?’

७० म्हणजे ५० च्या वर, म्हणजे नियम लागू! शेअरखोर, अर्धा पेढा तुमचा. पण तुर्भे आमच्या रस्त्यावर नाही, आणि किचन एकच. भागीदार हो म्हणून बसलाय.

तळणीमामा
थांबा, हो म्हणू नका अजून. ७० म्हणजे जळकं किती निघतं ते आधी विचारा. बेस किचनमध्ये फरसाण होत असेल तर माल तेल पिऊन टाकतो, खाली फारसं उरत नाही. आठवड्याला १५० च्या वर निघालं तरच एकट्या तुर्भ्याची फेरी निघते, तीही २४०० मध्येच जाऊन येत असाल तर.

साबणवाले_जोशी
जळक्या तेलाचा साबण करता येतो. कॉस्टिक किती टाकायचं ते हवंय का कोणाला?