'प्रिऑन'बद्दल लिहिताना 'प्रती काढतो' की 'घडी पालटतो'?

मेघना
एका लेखाचा अनुवाद करतेय. आशय असा की प्रिऑन हे मेंदूतलं बिघडलेलं प्रथिन शेजारच्या चांगल्या प्रथिनांना आपल्यासारखं करतं आणि बिघाड पसरत जातो. मी लिहिलं, "विकृत प्रथिन स्वतःच्या प्रती काढतं." संपादकांनी 'विकृत' आणि 'प्रती काढतं' या दोन्हींखाली रेघ मारली आणि कारण काही लिहिलं नाही. काय खटकलं असेल?

श्रीधर
संपादक उगाच चिकित्सा करताहेत. विषाणूत डीएनए किंवा आरएनए असतो, प्रिऑनमध्ये नसतो, एवढाच फरक. एकाचे दोन, दोनाचे चार होतातच ना? सरळ 'पुनरुत्पादन' म्हणा.

वासंती
श्रीधरराव, एकाचे दोन होतात हे खरं, पण दुसरा येतो कुठून ते बघा. विषाणू पेशीला कामाला लावून नवे विषाणू बनवून घेतो. प्रिऑन काहीच बनवून घेत नाही. पीआरपी नावाचं हे प्रथिन आपलीच चेतापेशी आपल्याच जनुकावरून रोज बनवते आणि ते तिच्या बाहेरच्या पृष्ठभागावर निरोगी अवस्थेत असतं. प्रिऑन म्हणजे तेच प्रथिन, अमिनो आम्लांचा क्रमही तोच, फक्त घडी वेगळी. निरोगी रूपात साखळीची तीन ठळक वेटोळी असतात. प्रिऑनच्या रूपात ती मोडून साखळी सपाट होते आणि असे सपाट रेणू एकावर एक रचून धागा तयार होतो. अशा धाग्यांना अमायलॉइड म्हणतात. आधीपासून असलेल्या रेणूची घडी पालटते, म्हणून 'प्रती काढणे' चुकतं.

याचा पुरावा 1993 सालचा आहे. झुरिकमध्ये चार्ल्स वाइसमन यांच्या प्रयोगशाळेत पीआरपीचं जनुकच काढून टाकलेले उंदीर होते. त्यांच्या मेंदूत स्क्रेपी या मेंढ्यांना होणाऱ्या प्रिऑनच्या आजाराचा अर्क टोचला. साधे उंदीर त्या अर्काने मरतात, हे ठणठणीत राहिले. पालटायला निरोगी रेणूच नाहीत म्हटल्यावर प्रिऑन करणार काय?

श्रीधर
पटलं. पण मग एक निरोगी रेणू आला, चिकटला, पालटला, झालं. हे तर संथ काम आहे. वाढ दामदुपटीने होते असं वाचलं होतं, ते चूक का?

वासंती
नाही, तेही बरोबर आहे, आणि गंमत तिथेच आहे. धाग्याला टोकं दोनच. नवा रेणू टोकालाच बसतो, तिथल्या रेणूच्या कण्याशी हायड्रोजन बंध जुळवतो आणि त्याच्यासारखा सपाट होतो. एका रेणूने धागा अर्ध्या नॅनोमीटरहूनही कमी वाढतो. धागा कितीही लांब झाला तरी टोकं दोनच राहतात, म्हणजे नुसत्या लांबण्याने वेग वाढत नाही. पण धागा मध्ये तुटला की दोन धागे आणि चार टोकं होतात. असं दहा वेळा प्रत्येक धागा तुटला तर एकाचे 1024 धागे होतात. दामदुपटीचा हिशेब या तुटण्यामुळे आहे. चटकन तुटणारा धागा जास्त पसरतो आणि चिवट धागा कमी, हे ऐकायला उलटं वाटतं.

मेघना
हे तुटणं कुणी पाहिलंय, की तर्क आहे?

वासंती
प्रिऑनच्या आजारांच्या निदानाची एक चाचणीच त्यावर उभी आहे, आरटी-क्विक. रुग्णाच्या पाठीच्या मण्यांतून काढलेला द्रव थेंबभर घेतात आणि प्रयोगशाळेत जिवाणूंकडून बनवून घेतलेल्या निरोगी पीआरपीत टाकतात. सोबत थायोफ्लेविन-टी हा रंग असतो, तो असा धागा भेटला की चमकतो. मग थाळी थोडा वेळ हलवायची, थोडा वेळ थांबायचं, पुन्हा हलवायची. हलवायचं ते धागे तुटावेत म्हणून, आणि मधल्या विश्रांतीत टोकं लांबतात. कित्येक तास आलेखाची रेघ आडवी जाते, मग एकदम चढते आणि निरोगी प्रथिन संपत आलं की पुन्हा सपाट होते. धागा टाकला नाही तरी खूप वेळ हलवल्यावर प्रथिन आपलं आपणच धागे धरू शकतं. म्हणून ठरलेल्या वेळेच्या आत चढलेली रेघच धरतात, नंतरची नाही. द्रवात रक्त मिसळलं असेल तर उलटं होतं, रेघ चढतच नाही.

नितीन
मध्येच विचारतो, क्षमा असावी. आईला अल्झायमर्स आहे. तिचं सगळं मीच करतो. त्यातही अमायलॉइडच असतं ना? मग हे मला लागू शकतं का? नातेवाईक आता मुलांना तिच्याजवळ जाऊ देत नाहीत.

वासंती
नितीन, भरवल्याने, अंघोळ घातल्याने, जवळ झोपल्याने अल्झायमर्स होत नाही. मुलांना खुशाल जाऊ द्या. अल्झायमर्समधलं अमायलॉइड बीटा हे वेगळं प्रथिन आहे. ब्रिटनमध्ये 1985 पर्यंत वाढ खुंटलेल्या मुलांना मृतांच्या पीयूष ग्रंथीतून काढलेलं संप्रेरक टोचत. काही साठ्यांतून प्रिऑन गेले आणि अनेक वर्षांनी काहींना क्रॉइट्सफेल्ट-याकोब हा माणसांतला प्रिऑनचा आजार झाला. त्यांतल्या काहींच्या मेंदूत अमायलॉइड बीटाही सापडलं. अशी इंजेक्शनं घेतलेल्या काही जणांना कमी वयात स्मृतिभ्रंश झाल्याचं 2024 मध्ये प्रसिद्ध झालं, पण तो अल्झायमर्सच का, यावर तज्ज्ञांत वाद आहे. ते औषध केव्हाच बंद झालंय आणि तुमच्या घराशी त्याचा काही संबंध नाही.

नितीन
धन्यवाद ताई. हेच त्यांना वाचायला देतो.

शशांक
'अमायलॉइड' आलंच आहे तर सांगतो. या शब्दाचा अर्थ 'पिष्टासारखं'. जर्मन रोगशास्त्रज्ञ फिरखो यांनी 1854 मध्ये मेंदूतल्या साठ्यावर आयोडीन टाकलं, रंग पिष्टासारखा आला, म्हणून हे नाव. पाचेक वर्षांत कळलं की अशा साठ्यात प्रथिन असतं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. तेव्हा मराठीत 'पिष्टाभ' वगैरे करू नका. चुकीचा भाग तेवढा टिकवल्यासारखं होईल.

'विकृत'लाही माझा विरोध आहे. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींत मेलॅनिन ज्यावर साठतं ते धागेही अमायलॉइडच असतात, आणि ते शरीराने मुद्दाम बनवलेले असतात. 'पालटलेलं' म्हणा.

श्रीधर
पण मेंदूला भोकं पाडणाऱ्याला नुसतं 'पालटलेलं' म्हणायचं? फारच सौम्य वाटतं.

वासंती
भोकं या धाग्यांच्या साठ्यानेच पडतात असं धरू नका. झुरिकच्याच मंडळींनी पुढे पीआरपी नसलेल्या उंदराच्या मेंदूत पीआरपी असलेल्या ऊतीचं कलम केलं आणि स्क्रेपी टोचली. कलमाची ऊती मेली. तिथला साठा आजूबाजूला झिरपला, पण शेजारच्या पेशींना काही झालं नाही. स्वतःचं पीआरपी असलेल्या पेशीलाच इजा होते, असं यातून दिसतं. ती नेमकी कशी होते हा प्रश्न अजून मिटलेला नाही. म्हणून वाक्यात 'पसरतं' आणि 'मारतं' वेगळे ठेवा.

मेघना
मग असं लिहू का? "घडी पालटलेला रेणू त्याच प्रथिनाच्या निरोगी रेणूंची घडी पालटतो. त्यांचे धागे होतात, धागे तुटतात आणि प्रत्येक तुकड्याच्या टोकांवर तेच पुन्हा सुरू होतं." आणि तुकड्याला 'बीज' म्हणावं?

शशांक
'बीज' स्फटिकाच्या अर्थाने चालेल. पण वाचकाला झाडाचं बी आठवेल, आणि ते स्वतः वाढतं.

वासंती
मी 'बीज'च म्हणते, प्रयोगशाळेतही तेच बोलतात. मात्र आरटी-क्विकमध्ये तयार झालेले धागे उंदराला टोचले तर बहुधा आजार होत नाही किंवा अगदी क्वचित होतो. तेही अमायलॉइड, तेही बीज, तरी सहसा संसर्गजन्य नाही. तेव्हा 'बीज' लिहिलंत तर त्याच परिच्छेदात 'लागण' लिहू नका.

श्रीधर
मी अजून 'लागण'च्या बाजूने आहे, निदान क्रॉइट्सफेल्ट-याकोबसाठी तरी.