मुलींची नावं मोजून भागत नाही

> "आता पुस्तकांत मुलींची नावं बरोबरीनं येतात की. मग अडचण कुठंय?"

नावं नका मोजू, क्रियापदं मोजा. पुतणीच्या जुन्या गणिताच्या गाईडात मी पेन्सिल घेऊन बसले होते. वीस शाब्दिक उदाहरणांत नऊ बायका-मुली, म्हणजे जवळपास निम्म्या. पण त्या भाजी आणतात, लाडू वाटतात, रिबीन कापतात. कर्ज काढणं, टाकी बांधणं, नफा मोजणं सगळं पुरुषांकडं. एकटी शिक्षिका होती, तीही वह्या वाटत होती!

आणि हे आपल्या सोलापुरात. इथं घरोघरी बायका हजार विड्यांच्या हिशेबानं मजुरी घेतात. खराब म्हणून बाजूला टाकलेली छाट काढून किती विड्या धरल्या, पानं किती कमी पडली, हे माझी आत्या तोंडी सांगायची. ते गणित पुस्तकात नाही, म्हणून तिला कुणी हिशेबात हुशार म्हटलं नाही.

बालभारतीनं 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा दोघं मिळून भाजी निवडताना दाखवले, ते चांगलंच. पण विषय निवडायची वेळ दहावीनंतर येते. पुतणीला ९१ गुण असूनही "आयटीआयला फिटर घेऊ?" हे तिनं दबकत विचारलं. घरच्यांनी शिवणकाम सुचवलं.