क्लासची जाहिरात पोरांना दाखवायची की आई-बापांना?

क्लासवाला_लातूर: नीटचा क्लास आहे. दहावीच्या निकालानंतर फेसबुक-इन्स्टावर रोज ५०० रुपये लावले. लातूरभोवती २० किलोमीटर, वय १८ ते २४, मजकूर 'शंभर टक्के निकालाची हमी'. आठवड्यात १४० नंबर आले, प्रवेश एकही नाही. डिजिटल म्हणजे पैसा पाण्यात. पॅम्प्लेट बरं.

बार्शी_रोड: दहावी झालेलं पोर १५-१६ वर्षांचं. तुमच्या १८ ते २४ मध्ये ते नाही आणि त्याचा बापही नाही. शिवाय लातूरला पोरं येतात ती बाहेरून, आणि तुम्ही २० किलोमीटरवर थांबलात!

एका क्लाससाठी मीही हेच करून बसलो होतो. मग वय ३८ ते ५२ केलं आणि गंगाखेड, कळंब, अंबाजोगाई, मुखेड अशी गावं निवडली. मजकुरातून हमी काढली आणि लिहिलं: 'होस्टेल क्लासपासून चालत पाच मिनिटं. रविवारी पेपर, सोमवारी गुण तुमच्या व्हॉट्सॲपवर. फी तीन हप्त्यांत.' पोरीला परगावी ठेवणाऱ्या आईला हेच विचारायचं असतं.

जाहिरातीतल्या फॉर्ममध्ये नंबर आपोआप भरलेला असतो, अंगठा लागला तरी जातो. म्हणून फॉर्मचा Higher intent हा प्रकार निवडला, त्यात पाठवण्याआधी माहिती पुन्हा तपासावी लागते. वर दहावीचे गुण विचारले. नंबर ४१ च आले, पण त्याच संध्याकाळी फोन केले. १७ पालक येऊन गेले, सहा प्रवेश झाले.

रीलवाला: पालक फक्त फी भरतात हो, क्लास पोरंच ठरवतात. इन्स्टावर १६-१७ वय घ्या, आवडीत 'नीट परीक्षा' टाका.

बार्शी_रोड: १८ च्या आतल्यांना आवडीवरून जाहिरात दाखवताच येत नाही. २०२३ पासून फक्त वय आणि ठिकाण. पण पोरं रील बघून घरी दाखवतात, हे मान्य. साध्या रील टाका, पैसे पालकांवर लावा.

एक_बाप: टार्गेटिंग राहू द्या. माझ्या लेकीनं एका क्लासची फक्त टेस्ट सिरीज घेतली होती, तीही फुकट. निकालानंतर बसस्टँडसमोर तिचा फोटो, 'आमची विद्यार्थिनी'. विचारलं कुणाला? आजी रडली, तिला वाटलं नात आमच्यापासून लपवून तिथं शिकत होती.

क्लासवाला_लातूर: सगळेच लावतात. फोटो नसेल तर पालक दारात उभा राहत नाही. तुम्हाला धंदा चालवायचा नाही, बोलायला काय जातं!

एक_बाप: धंदा तुमचा, तोंड माझ्या पोरीचं!

बार्शी_रोड: नोव्हेंबर २०२४ पासून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचे नियम आहेत. निवड झाल्यावर लेखी संमती घ्यायची. फोटोशेजारी नाव, रँक, कोर्स कुठला, किती मुदतीचा आणि पैसे भरून की फुकट, हेही छापायचं. तुमची 'हमी'सुद्धा त्यातच अडकते.

क्लासवाला_लातूर: बरं, हमी काढतो. गावंही बदलून बघतो. पण शेजारचा क्लास फोटो लावणार आणि मी होस्टेलचं अंतर सांगत बसणार, त्याचं काय?

एक_बाप: त्यांनी टेस्ट सिरीज असं छापलं असतं तर मी बोललोही नसतो. तो फलक अजून तिथंच आहे.