न केलेली चूक अपिलात कबूल करायची का?

पल्लवी, येवला
आमच्या घरच्या मागावर विणलेल्या मोर-पदराच्या पैठणीचं लिस्टिंग ऑनलाइन बाजारानं काढून टाकलं. कारण दिलंय, "नकली माल असल्याचा संशय". अपिलाच्या फॉर्मात तीन रकाने आहेत: चूक कशामुळे झाली, काय सुधारलं, पुढे काय काळजी घेणार. चूक झालेलीच नाही, मग लिहू काय?

दत्ता, पिंपळगाव बसवंत
ताई, सरळ माफी मागा. माझ्या मनुक्यांचं लिस्टिंग असंच उडवलं होतं. पाकिटाच्या फोटोत एफएसएसएआयचा 14 आकडी क्रमांक नव्हता. "चूक झाली, लेबल बदललं, पुढे प्रत्येक पाकीट तपासू" एवढं लिहिलं आणि लिस्टिंग परत आलं. तिथल्या माणसाला वाद ऐकायला वेळ नसतो.

मेधा, कॉलेज रोड
दत्ताभाऊ, तुमच्या पाकिटावर क्रमांक खरंच नव्हता, म्हणून माफी चालली. इथं आरोप नकली मालाचा आहे. तो स्वतःच्या हातानं कबूल केला तर खात्याच्या नोंदीत राहतो, आणि उद्या कुणी पुन्हा तक्रार केली तर हेच पत्र पुढे येतं. मी विक्रेत्यांची खाती सांभाळते, म्हणून कळकळीनं सांगतेय.

पल्लवीताई, आधी नोटीस नीट वाचा. तक्रारदाराचं नाव, ईमेल आणि तक्रार क्रमांक आहे का? असेल तर कुणीतरी हक्क सांगितलाय. आधी त्याच्याशीच बोलून त्यानं तक्रार मागे घेतलेली बरी. नसेल तर बाजाराच्या यंत्रणेनंच पकडलंय, मग पुरावा थेट बाजाराला द्यायचा.

पल्लवी
नाव कुणाचंच नाही. रेशीम आणि जरीची बिलं आहेत, पण ती मिस्टरांच्या नावावर. विक्रीचं खातं माझ्या नावावर.

मेधा
अपील बहुतेक इथंच अडतं. तपासणारा आधी बिलावरचं नाव आणि पत्ता खात्याशी जुळवून बघतो. म्हणून मिस्टरांचं सहीचं संमतीपत्र आणि दोघांचा पत्ता एकच असल्याचा पुरावा जोडा. बिलं अलीकडची हवीत, आणि विकलेल्या साड्यांना पुरेल इतकं रेशीम त्यांत दिसायला हवं. बिलात खाडाखोड अजिबात नको.

पहिल्या रकान्यात असं लिहा:

"आमच्याकडून धोरणाचा भंग झालेला नाही. ही साडी येवल्यात आमच्या घरी हातमागावर विणलेली आहे. लिस्टिंगवर दुसऱ्या कोणत्याही ब्रँडचं नाव किंवा चिन्ह नाही. कच्च्या मालाची बिलं, पतीचं संमतीपत्र आणि पदराच्या दोन्ही बाजूंचे फोटो जोडले आहेत. पुरावा तपासून लिस्टिंग पूर्ववत करावं."

पदराची उलटी बाजू नक्की दाखवा. हातमागावर मोराचा एक रंग जिथं संपतो, तिथं तो धागा शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवून परत वळवलेला असतो. त्यामुळे नक्षी मागूनही पुढच्यासारखीच दिसते. यंत्रमागाच्या नकलेत मागे मोकळे किंवा कापलेले धागे सापडतात. हा फरक जवळून घेतलेल्या फोटोत कुणालाही कळतो.

श्रीकांत, पंचवटी
एवढी विनवणी कशाला? 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्यानं 48 तासांत पोच आणि महिनाभरात निकाल द्यायलाच हवा. तो नियम दाखवा. शिवाय पैठणीला भौगोलिक मानांकन आहे. येवल्याचा माल म्हटला की विषय मिटला.

मेधा
नियम आहे, पण तो ग्राहकाच्या तक्रारीचा. विक्रेता तिथं ग्राहक नसतो. अपील फेटाळलं तर तक्रार अधिकाऱ्याला जरूर लिहा, पण 48 तासांच्या भरवशावर बसू नका. मानांकनाचंही तसंच. 1999 च्या कायद्यात ते नाव वापरायचा हक्क नोंदणी झालेल्या अधिकृत वापरकर्त्याला आहे. घरात कुणाची नोंदणी आहे?

पल्लवी
सासऱ्यांची आहे, मिस्टरांची नाही. माग एकच, विणतात दोघंही.

श्रीकांत
म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या विणणाऱ्यानं कागद केला नसेल तर स्वतःच्या साडीला पैठणी म्हणायचं नाही? हे मला पटणार नाही.

मेधा
मलाही ते टोचतं. पण तो लढा या अपिलात नको. ही साडी सासऱ्यांनी विणली असेल तर त्यांचं प्रमाणपत्र जोडा. मिस्टरांनी विणली असेल तर ते चालेल की नाही, हे मी खात्रीनं सांगू शकत नाही.

दत्ता
तोवर तीच साडी दुसऱ्या नावानं टाका की. लग्नसराई कुणासाठी थांबत नाही.

मेधा
नका टाकू! काढलेला माल अपील चालू असताना पुन्हा चढवला तर तो खराच भंग होतो आणि अख्खं खातं बंद पडू शकतं.

दत्ता
आणि सराई हातची गेली तर भरपाई कोण देणार? पहिल्याच पत्रात नमतं घेतलं तर वेळ तरी वाचतो, माझं मत तेच आहे.

पल्लवी
साडी सासऱ्यांच्याच हातची आहे, त्यांचं प्रमाणपत्र जोडते. पण "काय सुधारलं" या रकान्यात काय घालू? तो रिकामा सोडला तर फॉर्म पुढेच जात नाही.

मेधा
"बिलावरचं आणि खात्यावरचं नाव वेगळं होतं, त्यासाठी संमतीपत्र जोडलं." हे खरं आहे, तेवढंच लिहा. तिसऱ्यात लिहा, पुढची बिलं खात्याच्या नावावर घेऊ.

दत्ता
म्हणजे थोडंफार कबूल केलंच ना?

मेधा
नावातला फरक कबूल केला, नकली माल नाही.